आठव्या स्लॅबची पावती

करार रद्द करण्याची नोटीस आली तेव्हा बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि नोटिशीवर पहिलं नाव त्यांचंच होतं. दुसरं माझं. आठव्या स्लॅबचे सहा लाख ऐंशी हजार मुदतीत भरले नाहीत, तीन स्मरणपत्रांना उत्तर दिलं नाही, आता पंधरा दिवसांत व्याजासह रक्कम जमा झाली नाही तर फ्लॅटचा करार रद्द समजला जाईल, असा मजकूर होता.

"कुणाचं गं?" आईने ओट्यापाशी उभ्याउभ्या विचारलं.

"बिल्डरचं. आठव्या स्लॅबचे पैसे मिळाले नाहीत म्हणतोय."

"मिळाले नाहीत म्हणजे? बँकेने दिलेत की."

"तेच तर."

"मग डोळ्यांना काय झापडं लावलीत का त्याने?"

मी पुन्हा एकदा नोटीस वाचली. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या संस्थेत मी संपादक आहे, दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधण्याचाच पगार मिळतो मला. त्या दिवशी मी रक्कम वाचली, तारीख वाचली, व्याजाचा दर वाचला, शेवटची धमकी तर तीनदा वाचली.

बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज बँक एकरकमी देत नाही. इमारत जसजशी वर चढते तसतसे पैसे सुटतात. एक स्लॅब पडला की बिल्डर मागणीपत्र पाठवतो, ते आपण बँकेत नेऊन द्यायचं, बँकेचा व्हॅल्युअर जागेवर जाऊन स्लॅब खरंच पडलाय का ते बघतो, आणि मग बँक पैसे परस्पर बिल्डरच्या खात्यात पाठवते. आपल्या हाताला पैशाचा वाससुद्धा लागत नाही. फक्त जेवढे सुटले त्यावरचं व्याज दर महिन्याला आपल्या पगारातून जातं. पहिले सात हप्ते बाबांनी असेच सोडवले. दर रविवारी ते साइटवर जायचे आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहून मजले मोजायचे. पाच मजले दिसत असतील आणि बिल्डरने सहाव्याचं पत्र पाठवलं असेल, तर ते पत्र आठवडाभर फायलीत झोपायचं.

बाबा टपाल खात्यात सॉर्टर होते. छत्तीस वर्षं समोर खणांची भिंत आणि हातात पत्रांचा गठ्ठा. घर घ्यायचं ते निवृत्तीच्या पैशातून आणि माझ्या पगारावर कर्ज काढून, हे त्यांनीच ठरवलं. आम्ही तिघं तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो होतो आणि दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आम्ही भरलेले आणि बँकेने सोडलेले मिळून घराचे निम्म्याहून जास्त पैसे गेले होते. करार रद्द झाला असता तर बिल्डर त्यातून कापायचं ते कापून उरलेले सावकाश परत करणार, आणि त्या पैशांत आता कुठेच काही मिळालं नसतं. आई उरलेलं आयुष्य पुन्हा घरमालकाच्या चेहऱ्याकडे बघत काढणार होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी बँकेत गेले.

कर्ज विभागातल्या अधिकारी बाईंना बाबांनी 'शिक्कामॅडम' असं नाव ठेवलं होतं. त्या शिक्का इतक्या जोरात मारायच्या की शेजारच्या टेबलावरचा पेला हलायचा. बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी आठव्या स्लॅबचं मागणीपत्र आलं होतं, ते मी त्यांच्याकडेच दिलं होतं. सहकर्जदार वारलेला, म्हणून त्यांनी मृत्यूचा दाखला, आईचं वारस म्हणून संमतीपत्र आणि पुढचं सगळं कर्ज मी फेडीन असं माझं हमीपत्र घेतलं होतं. ते सगळं मी चार दिवसांत गोळा केलं होतं. त्या दिवसांतलं मला बाकी काही आठवत नाही, फोटोकॉपीच्या दुकानातला गरम कागदाचा वास तेवढा आठवतो.

"पैसे गेलेत," शिक्कामॅडम पडदा माझ्याकडे वळवत म्हणाल्या. "हे बघा. मागणीपत्राची मुदत पंधरा दिवस, आम्ही चौदाव्या दिवशी सोडले. तुमच्या कर्जखात्यावर चढलेत. दोन महिने तुम्ही त्याच्यावर व्याज भरताय."

"बिल्डर म्हणतोय आले नाहीत."

"बिल्डर बरंच काही म्हणतात. पावती नाही दिली त्यांनी?"

"नाही."

"आणि तुम्ही मागितली नाही?"

प्रत्येक हप्त्यानंतर बाबा स्वतः जाऊन पावती घेऊन यायचे. मी गेले नव्हते.

शिक्कामॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं, असू दे. हा यूटीआर नंबर घ्या. प्रत्येक मोठ्या रकमेचा असा एक नंबर असतो, दुसऱ्या कुठल्याच व्यवहाराचा तो नसतो. हा त्यांच्या तोंडावर मारा."

"तोंडावर?"

"टेबलावर मारा. तोंडावर मी म्हटलं असं कुणाला सांगू नका."

बिल्डरचं ऑफिस त्यांच्याच जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. आत शिरल्याबरोबर काचेच्या पेटीत आमच्या प्रकल्पाची छोटी प्रतिकृती, तीन विंग, मधे हिरवा कागद कापून केलेली बाग, आणि बागेत नखाएवढी माणसं. सगळी बारीक, सगळी हसरी. विक्रीप्रमुखाला बाबांनी 'अत्तर' म्हणायचं ठरवलं होतं. तो यायच्या आधी त्याचा वास यायचा आणि गेल्यावर बराच वेळ बसून राहायचा.

अत्तरने आधी दुखवट्याचं बोलून घेतलं. ते त्याने चांगलं केलं, मान्य करायला हवं. मग त्याने संगणकावर आमचं खातं उघडलं.

"सातवा स्लॅब आला. आठवा शून्य. हे बघा ना ताई, मी काय खोटं बोलतोय?"

"हा यूटीआर नंबर. याने शोधा."

"आमच्याकडे नंबराने शोधता येत नाही. फ्लॅटने येतं. तुमच्या फ्लॅटला आलेलं नाही, म्हणजे आलेलं नाही." मग त्याने खुर्ची पुढे घेतली. "तुम्हाला वाईट वाटेल, पण स्पष्ट बोलतो. वडील गेले, कागद अडकले, बँकेने कुठेतरी थांबवलं असणार. असं होतं. आमच्याकडे अशा बऱ्याच केसेस येतात. कर्त्या माणसाच्या मागे गोंधळ होतोच."

"गोंधळ झाला नाही. चौदाव्या दिवशी पैसे सुटलेत."

"सुटले आणि पोचले यात फरक असतो ना."

एवढं मात्र तो खरं बोलला होता. मी परत बँकेत गेले.

"मला लेखी हवंय," मी शिक्कामॅडमना म्हटलं. "पैसे पोचले, कुठल्या खात्यात पोचले, किती वाजता पोचले."

"ट्रेस टाकावा लागेल. आमचा पेमेंट विभाग त्यांच्या बँकेला विचारणार, ती बँक उत्तर देणार. चार-पाच दिवस."

"नोटिशीचे तीन गेलेत."

"जमा झाले नसते तर त्याच दिवशी उलटून आमच्याकडे आले असते हो. आणि ते आले असते तर माझ्या डोक्यावर बसले असते. पण तुम्हाला कागदच हवाय ना? मिळेल." त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि शिक्का मारला. पेला हलला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कागद मिळाला. बिल्डरच्या बँकेने कळवलं होतं की ही रक्कम अमुक तारखेला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी लाभार्थी खात्यात जमा झाली. खात्याचे शेवटचे चार आकडे दिले होते, आणि ते आमच्या करारनाम्यात छापलेल्या प्रकल्पाच्या खात्याशी जुळत होते. पैसे बिल्डरच्या घरात दोन महिन्यांपासून बसले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अत्तरने तो कागद दोनदा वाचला. तेवढ्या वेळात त्याचं बोलणं बदललं.

"प्रोजेक्टचं खातं सगळ्यांचं एकच असतं, ताई. तीन विंग, दीडशे फ्लॅट. कुणाचे कुठून येतात, रोज तीस-चाळीस नोंदी. तुमच्या फ्लॅटला लागल्याशिवाय ते तुमचे कसे म्हणायचे? मी अकाउंट्सला पाठवतो. पंधरा-वीस दिवस लागतील."

"नोटिशीचे सहा दिवस उरलेत. नोटीस थांबवा."

"ते लीगल बघतं."

"मग लीगलला बोलवा."

"लीगल बाहेरगावी असतं." त्याने खणातून एक टाइप केलेला कागद काढला. आधीच टाइप केलेला होता. "त्यापेक्षा हे सोपं आहे. यावर तुम्ही आणि आईंनी सही करा. नोटीस मी स्वतः मागे घेतो. व्याज निम्मं माफ. पैसे सापडले की वळते करू, नाही सापडले तर बँकेशी तुम्ही बघा."

कागदावर लिहिलं होतं: 'सह-खरेदीदाराच्या निधनामुळे रक्कम भरण्यास आमच्याकडून विलंब झाला, हे आम्ही मान्य करतो.'

"हे वाक्य खरं नाही," मी म्हणाले.

"वाक्याला काय धरून बसता? फॉरमॅट आहे तो. घर वाचतंय ना?"

कागद मी घरी आणला. का आणला, तिथेच का फाडला नाही, याचं खरं उत्तर असं की मी घाबरले होते. सहा दिवस, आणि समोर निम्मं व्याज माफ करणारा एक साधा कागद. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की बाबांना आता काय फरक पडतो.

आईने चष्मा लावून तो वाचला. सावकाश, ओठ हलवत.

"निधनामुळे म्हणजे ह्यांच्यामुळे?"

"तसंच म्हणायचंय त्यांना."

"छत्तीस वर्षांत त्या माणसाची एक गैरहजेरी नाही लागली. तापात जायचे. तू झालीस त्या दिवशी दुपारपाळी करून दवाखान्यात आले, त्याच्यावरून मी वर्षभर बोलले त्यांना." तिने कागद उलटा केला, मागे काही लिहिलंय का बघितलं. "आणि हा म्हणतो, उशीर ह्यांनी केला."

दूध उतू जायला आलं होतं. तिने पातेलं चिमट्याने उचललं, आणि ठेवायला जागा शोधत असल्यासारखी इकडेतिकडे बघून, सरळ त्या कागदावर ठेवलं. मधोमध काळपट गोल उमटला.

"आई!"

"ओटा भाजला असता," ती म्हणाली.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "घर गेलं तर गेलं. आपण दोन खोल्यांत मेलो नाही इतकी वर्षं. पण सही नाही करायची."

मला मात्र घर जाऊ द्यायचं नव्हतं. मी बाबांची फाइल उघडून बसले. पहिल्या पानावर पेन्सिलीने एक ते चौदा आकडे, म्हणजे चौदा स्लॅब, आणि सातपर्यंत प्रत्येकाच्या पुढे स्लॅब पडल्याची तारीख, पैसे सुटल्याची तारीख, पावती आणल्याची तारीख. आठच्या पुढे काही नाही. कितीतरी वेळ मी त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसले.

लहानपणी शाळेला सुटी असली की ते मला कामावर न्यायचे. एकदा एका बाईंची मनीऑर्डर हरवली होती आणि त्या खिडकीशी येऊन रडत होत्या. बाबा म्हणाले होते, पत्र हरवत नसतं, ते दुसऱ्याच्या खणात जाऊन पडलेलं असतं, आधी शेजारचे खण बघायचे. मला तेव्हा वाटलं होतं, ते बाईंना बरं वाटावं म्हणून बोलतायत. तसं नव्हतं. तो त्यांचा कामाचा नियम होता, आणि मनीऑर्डर शेजारच्याच खणात सापडली होती.

पण आमचा शेजारचा खण कुठला? मला काही सुचेना. दुसरा दिवस रविवारचा होता, म्हणून मी ते केलं जे त्यांनी केलं असतं. साइटवर गेले आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले.

मजले मोजले. नऊ झाले होते, नवव्याच्या डोक्यावर सळया उभ्या. मागच्या बाजूने नवा रुंद रस्ता आला होता आणि प्रकल्पाचं फाटक उचलून तिकडे नेलं होतं. पूर्वी आमची विंग सगळ्यात मागे होती, आता ती सगळ्यात पुढे आली होती. जिन्याच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचं अक्षर रंगवलं होतं, 'ए'. रंग पातळ मारला होता. त्याच्या खालून जुनं अक्षर दिसत होतं.

'सी'.

रखवालदार सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसला होता. मला ओळखून उठला. "साहेबांची मुलगी ना तुम्ही? दिसले नाहीत बरेच दिवस. मजले चुकले त्यांचे मोजायचे."

मी सांगितलं. त्याने टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत घातली.

"हे अक्षर कधी बदललं?" मी विचारलं.

"रस्ता झाला तेव्हा. दोनेक महिने झाले. पुढची ती 'ए' पाहिजे म्हणाले, भाव वाढतो. मग तुमची झाली 'ए' आणि ती पलीकडची 'ए' होती ती झाली 'सी'. आम्हालाच अजून गोंधळ होतो. परवा विटांचा ट्रक चुकीच्या विंगला रिकामा केला."

मी पिशवीतून नोटीस काढली. अगदी वर, नावांच्या खाली, जी ओळ पत्ता म्हणून मी दर वेळी सोडून दिली होती, तिथे लिहिलं होतं 'ए-७०४'. मग फाइलमधून मागणीपत्राची प्रत काढली. मागणीपत्रावर 'सी-७०४'. करारनाम्यावर 'सी-७०४'. बँकेच्या कागदावरसुद्धा 'सी-७०४'. मागणीपत्र गेलं तेव्हा आम्ही 'सी' होतो, पैसे पोचले त्याच्या आत कधीतरी आम्ही 'ए' झालो होतो, आणि बँकेला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"इथे आता 'सी-७०४' कुणाचा आहे?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत, ताई. कुणीतरी असेलच की."

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा दारात आम्ही दोघी होतो. आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, प्रतिकृतीच्या पेटीसमोर बसली. मी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, अत्तरला नको, अकाउंटंटना बोलवा. 'अत्तर' असं म्हणाले नाही अर्थात, पण ती हसली, म्हणजे तिला बहुतेक कळलं.

अकाउंटंट हे साठीकडे झुकलेले गृहस्थ, कानामागे पेन्सिल. पहिल्या सातही पावत्या त्यांनीच दिल्या होत्या. मागून वास आला आणि अत्तरही आला.

"ताई, मी म्हटलं ना, अकाउंट्सला पाठवलंय."

"अकाउंट्स हे समोर उभे आहेत," मी म्हणाले. "काका, 'सी-७०४'चं खातं उघडा."

अत्तर म्हणाला, "तुमचा 'ए-७०४' आहे."

"मला माहितीये. तुम्ही बदललाय. काका, 'सी-७०४'."

"दुसऱ्या ग्राहकाचं खातं दाखवता येत नाही," अत्तर म्हणाला. "गोपनीय असतं ते."

"मला नाव नको, रक्कम नको. मी पडद्याकडे पाठ करून उभी राहते. काकांनी एवढंच सांगावं की त्या खात्यात ह्या यूटीआरची पावती आहे की नाही. हो किंवा नाही."

मी खरंच पाठ करून उभी राहिले. समोर आई होती. ती पेटीतल्या नखाएवढ्या माणसांकडे बघत होती. मागे कळफलकाचा आवाज झाला. थांबला. पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आहे," काका म्हणाले.

मग काका स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले. "बँकेच्या शेऱ्यात 'सी-७०४' असं आलं. आमच्या अकाउंट्समधल्या मुलीने 'सी-७०४'ला पावती फाडली. चार दिवस आधी नावं फिरवली होती सिस्टिममध्ये. तिचं चुकलं नाही. तिला जे दिसलं ते तिने केलं. आणि ह्या 'सी-७०४'वाल्या बाई... थांबा." त्यांनी टेबलावरची काच उचलून खालची एक पिवळी चिठ्ठी काढली. "ह्या बाईंचा फोन आला होता. एकदा नाही, तीनदा. म्हणत होत्या, मी पैसे पाठवलेच नाहीत, मला पावती कसली पाठवता? मी चिठ्ठी करून विक्रीकडे विचारलं होतं."

"मग विक्रीने काय सांगितलं?" आईने विचारलं. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितलं.

काकांनी अत्तरकडे बघितलं. "पुढच्या हप्त्यात वळतं होईल, असं सांगा म्हणाले."

अत्तर खुर्चीत बसला. "सिस्टिमचा घोळ आहे. तुम्हालाही कळवलं होतं. विंगचं नाव बदलल्याचा मेल सगळ्या ग्राहकांना गेलाय. तुमच्या वडिलांच्या मेलवर गेलाय."

"कधी?"

त्याने तारीख सांगितली.

"त्याच्या दहा दिवस आधी मी मृत्यूचा दाखला तुमच्या ह्याच टेबलावर दिलाय. पोच माझ्याकडे आहे, सही तुमची. तीन स्मरणपत्रंही तिथेच पाठवली असणार."

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही गेलेल्या माणसाला चार मेल पाठवलेत, त्याने उत्तर दिलं नाही म्हणून त्याचं घर काढून घ्यायला निघालात, आणि वर उशीर त्याने केला असं लिहून मागताय," मी म्हणाले. माझा आवाज चढला नाही. चढेल असं मला वाटलं होतं.

"ताई, मिटवू या ना. मी आत्ता नोंद फिरवायला सांगतो. संपला विषय."

"संपला नाही." मी फाइलमधून लिहून आणलेला कागद काढला. "पावती मूळ तारखेची हवी, पैसे पोचले त्या दिवसाची, आजची नको. आजची दिलीत तर दोन महिन्यांचं व्याज कागदावर तसंच राहतं. व्याज पूर्ण रद्द. नोटीस मागे घेतल्याचं पत्र. आणि त्या पत्रात कारण हवं, की नाव तुम्ही बदललं आणि रक्कम तुम्ही दुसऱ्या खात्याला लावली. एक प्रत बँकेला, विंगचं नाव बदलल्याचं कळवून, म्हणजे नवव्या स्लॅबचे पैसे पुन्हा त्या बाईंकडे जाणार नाहीत."

"कारण बिरण लिहिता येणार नाही. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहितो. तोच फॉरमॅट आहे."

तेव्हा आईने पर्स उघडली. घडी केलेला कागद काढून उलगडला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. मधोमध पातेल्याचा काळपट गोल.

"हा तुमचा फॉरमॅट," ती म्हणाली. "सही नाही केलेली. दूध ठेवायला बरा होता."

रिसेप्शनवरची मुलगी एकदम खाली वाकली, काहीतरी पडल्यासारखं करत.

"काकू, तसं नाही..."

"निधनामुळे उशीर झाला म्हणून लिहिलंत तेव्हा तुम्हाला कारण लिहिता येत होतं. आताही येईल. आम्हाला घाई नाही." आईने पर्स पुन्हा मांडीवर घेतली. "डबा आणलाय मी."

खरोखर आणला होता. मलाही माहीत नव्हतं.

साडेअकराला अत्तर आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला. बारा वाजता पहिला मसुदा आला. त्यात 'अनवधानाने' होतं, मी ते काढायला लावलं. साडेबाराला दुसरा आला. त्यात विंगच्या नावातला बदल 'ग्राहकांच्या सोयीसाठी' केला असं लिहिलं होतं. आई म्हणाली, "कुणाच्या?" तेही गेलं. एक वाजता दोघींनी डबा उघडला. काकांना विचारलं, ते नको नको म्हणत येऊन बसले. अत्तरला विचारलं नाही.

दोन वाजून गेल्यावर तिसरा मसुदा आला. तो बरोबर होता. साधी चार वाक्यं, प्रत्येकात कर्ता ते स्वतः. मी तो नेहमीप्रमाणे खालून वर एकदा वाचला, मग वरून खाली. पहिली ओळसुद्धा वाचली.

मग काकांनी पावतीचा छापा काढायला घेतला आणि अत्तर दारातून म्हणाला, "आता पावती एकट्या ताईंच्या नावाने काढा. उगाच पुढे पुन्हा घोळ नको."

काकांचा हात कळफलकावर थांबला. ते माझ्याकडे बघत होते.

"नाव काढायला वेगळे कागद लागतात," मी म्हणाले. "वारसांचे. ते आम्ही तयार झालो की देऊ. पैसे पोचले तेव्हा करारावर दोन नावं होती. दोन्ही येऊ द्या. पहिलं पहिलंच."

काकांनी दोन्ही नावं टाकली. छापा निघाला, त्यांनी त्यावर सही केली, तारीख टाकली, दोन महिन्यांपूर्वीची, आणि पावती मला न देता आईच्या हातात दिली.

"मजले मोजायला येणार का आता तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं. "साहेब रविवारी मोजून सोमवारी इथे डोकवायचे. नेहमी विचारायचे, सहावा खरंच पडलाय का?"

"येणार," आई म्हणाली. मग दारापाशी थांबून तिने अत्तरकडे वळून बघितलं. "आणि नवव्याचं पत्र घरच्या पत्त्यावर पाठवा. कागदावर. टपालाने."

त्या संध्याकाळी मी ट्रेसच्या कागदाशेजारी पावती लावली आणि फाइलचं पहिलं पान उघडलं. आठच्या पुढे तीन तारखा पेन्सिलीने लिहायच्या होत्या. पहिली, स्लॅब पडल्याची, मला माहीत नव्हती. मी रखवालदाराला फोन करून विचारली.